हमीबाहेरची मोटार : नकार कसा द्यावा, कसा पारखावा
(इंदूर परिसरातील कूपनलिकांच्या पाणबुडी पंपांच्या संदर्भात)

माळव्याच्या पठारावर रब्बीचा हंगाम सुरू झाला की कूपनलिकांवर बसविलेले पाणबुडी पंप अहोरात्र कामास लागतात. इंदूर जिल्ह्यातील सांवेर, देपालपूर, महू या भागांत काळ्या जमिनीखाली बेसॉल्टचा कठीण पाषाण असून त्याच्या भेगांतील पाणी खोल विंधनांतून उपसावे लागते. याच हंगामात मोटारी जळण्याच्या तक्रारी वाढतात. मोटार हमीच्या मुदतीत असेल तर शेतकरी साहजिकच ती घेऊन विक्रेत्याकडे अथवा कंपनीच्या सेवा केंद्राकडे धाव घेतो. तेथे पुष्कळदा त्यास उत्तर मिळते की, "हा बिघाड हमीत बसत नाही, दुरुस्ती पैसे भरून करून मिळेल."

हे उत्तर काही वेळा रास्त असते आणि काही वेळा ती केवळ सबब असते. दोहोंमधील फरक ओळखता आला नाही, तर विनाकारण खर्च तरी होतो किंवा विनाकारण भांडण तरी होते. आणि तोपर्यंत शेतातील गहू पाण्यावाचून वाळतो. पेरणीनंतर २० ते २१ दिवसांनी गव्हास मुकुटमुळे फुटतात. त्या वेळचे पाणी चुकल्यास नंतर कितीही पाणी दिले तरी उत्पन्नातील तूट भरून निघत नाही. त्यामुळे नकाराचा हा प्रश्न शेतकऱ्यापुढे येतो तेव्हा त्याच्या हाती फारच थोडे दिवस असतात. अशा नकारामागील शास्त्र, त्याची योग्य पद्धत आणि कायद्यातील तरतुदी यांचा परिचय या लेखात करून दिला आहे. उदाहरण इंदूरचे असले, तरी ग्राहक कायदा सर्व देशास लागू असल्याने खानदेश, विदर्भ व मराठवाड्यातील शेतकऱ्यांनाही तो तितकाच उपयोगी पडावा.

हमी कशाची असते ?

बोलीभाषेत 'गॅरंटी' आणि 'वॉरंटी' हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात आणि 'एक वर्षाची गॅरंटी' म्हणजे वर्षभरात काहीही झाले तरी मोटार फुकट बदलून मिळणार, असा समज असतो. प्रत्यक्षात पंपासोबत मिळणाऱ्या हमीपत्रात कंपनी मर्यादित वचन देते. मालात अथवा कारागिरीत कारखान्यातील दोष निघाला, तर ठरावीक मुदतीत तो भाग विनामूल्य दुरुस्त करून वा बदलून देऊ, एवढेच ते वचन असते. ही मुदत बहुधा खरेदीपासून १२ महिन्यांची असते. परंतु कंपनीगणिक ती बदलते, म्हणून ती हमीपत्रावरच पाहिली पाहिजे.

वचनाच्या या मर्यादेस न्यायालयांनीही मान्यता दिली आहे. २००६ साली मारुती उद्योग कंपनीविरुद्धच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, हमीत सदोष भाग दुरुस्त करण्याचे वा बदलण्याचे वचन असेल, तर संपूर्ण गाडी बदलून द्या असा आदेश देणे योग्य नाही. ते प्रकरण मोटारगाडीचे होते, परंतु पंपासही तोच न्याय लागू पडतो. हमीपत्रात जे लिहिले आहे तेवढेच मागता येते. आणि जे लिहिले आहे ते देण्यास कंपनी बांधलेली असते.

हमीतून वगळलेल्या गोष्टींची यादी बहुतेक हमीपत्रांच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेली असते. कमी अथवा जास्त विद्युतदाब, एक फेज गेलेली असताना मोटार चालणे, पाण्यावाचून कोरडी चालणे, पाण्याबरोबर वाळू येणे, अनधिकृत कारागिराने मोटार उघडणे, आणि पंप कूपनलिकेतून वर काढण्या-सोडण्याचा खर्च, ही त्यांतील नेहमीची कलमे होत. शेवटच्या कलमाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. परंतु दोष कारखान्याचा ठरला तरी ३०० फुटांवरून पंप वर काढण्याची मजुरी बहुधा शेतकऱ्यासच सोसावी लागते.

मोटार स्वतःच साक्ष देते

मोटार का जळली, याचा निर्णय तर्काने करावयाचा नसून ती उघडून करावयाचा असतो. पाणबुडी मोटारीच्या आत स्वच्छ पाणी भरलेले असते आणि तिच्या वेटोळ्यांतील तांब्याच्या तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टन असते. उष्णता प्रमाणाबाहेर वाढली की हे वेष्टन मऊ होऊन वितळते, तारा एकमेकींस चिकटतात आणि अखेरीस मोटार जळते. वेष्टन कोठे वितळले आहे आणि कोठे शाबूत आहे, यावरून उष्णतेचे कारण शोधता येते.

तीन फेजच्या मोटारीत वेटोळ्यांचे तीन गट असतात. पाच अश्वशक्तीच्या आसपासच्या मोटारींत हे गट सामान्यतः 'स्टार' पद्धतीने जोडलेले असतात. अशा मोटारीचा एक फेज मध्येच गेला, तर उरलेल्या दोन गटांतून नेहमीच्या सुमारे पावणेदोन पट प्रवाह वाहू लागतो आणि तिसऱ्या गटातून काहीच वाहत नाही. परिणामी दोन गट वितळलेले आणि तिसरा नव्यासारखा, असे चित्र दिसते. हे चित्र दिसले की फेज गेल्याची ती जवळजवळ निश्चित खूण समजावी. मोठ्या मोटारी 'डेल्टा' पद्धतीने जोडलेल्या असतात. त्यांत एकच गट अधिक जळतो, म्हणून जोडणी कोणती हे आधी विचारून घ्यावे.

तिन्ही गट सारखेच तापून वितळले असतील, तर मोटार बराच काळ कमी विद्युतदाबावर अथवा अधिक भाराखाली चालली असावी. ४१५ व्होल्टच्या मोटारी सामान्यतः सुमारे ३५० ते ४४० व्होल्टपर्यंतचे चढउतार सोसतील अशा बेताने बनविलेल्या असतात. दाब त्याहून खाली गेला म्हणजे तेवढेच काम करण्यासाठी मोटार अधिक प्रवाह ओढते आणि तापते.

याउलट, एकाच वेटोळ्यात एका बिंदूपाशी तार जळून तुटली आहे आणि बाकीची सर्व वेटोळी स्वच्छ आहेत, असे आढळले तर कारखान्यातच वेष्टनास ओरखडा पडला असण्याची शक्यता बळावते. असा दोष हमीत बसतो. मात्र वीज पडल्यामुळे अथवा दाबाच्या अचानक उसळीमुळेही एखाद्या बिंदूपाशी वेष्टन फुटू शकते. त्यामुळे ही खूण कारखान्याच्या दोषाकडे बोट दाखविते, परंतु एकटीच निर्णायक ठरत नाही. तो दिवस वादळाचा होता काय, शेजारच्या मोटारीही त्याच दिवशी जळल्या काय, हे विचारून पाहणे येथे उपयुक्त ठरते.

पंपाचा भागही बोलका असतो. कोरडा चाललेला पंप उघडला तर रबरी बुश कडक होऊन तडकलेले, प्लॅस्टिकचे पंखे वाकलेले आणि दांडा तापून निळसर पडलेला दिसतो. वाळूने झिजलेल्या पंपात पंख्यांवर व बुशांवर गोलाकार ओरखडे असतात आणि दांडा हाताने हलविल्यास सैल लागतो.

एक उदाहरण

ही सर्व पद्धत प्रत्यक्षात कशी चालावी, हे स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित प्रकरण घेऊ. सांवेर तालुक्यातील एका शेतकऱ्याने फेब्रुवारीत पाच अश्वशक्तीचा पंपसंच खरेदी केला आणि ३०० फुटांवर बसविला. हमी १२ महिन्यांची होती. डिसेंबरात, गव्हास पहिले पाणी देण्याच्या सुमारास, मोटार बंद पडली. ती वर काढून इंदूरच्या सेवा केंद्रात नेण्यात आली.

केंद्राने प्रथम मोटारीचा व पंपाचा क्रमांक बिलाशी ताडून पाहिला आणि पोच दिली. नंतर मेगर यंत्राने तपासले असता वेटोळी आणि मोटारीची धातूची बाजू यांमधील विद्युतरोध शून्यावर आल्याचे दिसले. मोटार जळली आहे एवढे यावरून कळले. का जळली हे मात्र कळले नाही. मग शेतकऱ्याच्या समक्ष पंप व मोटार वेगळी केली. पंपाचा दांडा हाताने सहज फिरत होता आणि पंखे व बुश स्वच्छ होते. यावरून कोरडे चालणे व वाळू ही दोन्ही कारणे बाद झाली. मोटार उघडल्यावर दोन गटांची वेटोळी वितळलेली आणि तिसऱ्याची शाबूत आढळली. मोटारीचा सर्व भार झेलणारे तळाचे थ्रस्ट बेअरिंग गुळगुळीत होते.

यानंतर केंद्राच्या कारागिराने शेतातील पेटीविषयी विचारणा केली. पेटीत फेज गेल्यास मोटार बंद करणारे संरक्षक यंत्र बसविलेले होते. परंतु ते वारंवार मोटार बंद करीत असे म्हणून ते मध्यंतरी तार जोडून निकामी करण्यात आले होते. वीज येताच मोटार आपोआप सुरू करणारा 'ऑटो स्विच' मात्र चालू होता. रात्री वीज आली तेव्हा तीनपैकी दोनच फेज आले असावेत आणि कोणाचेही लक्ष नसताना मोटार तशाच अवस्थेत चालत राहिली असावी. दोन गट जळण्याचे कारण येथे पूर्णपणे जुळले. हा बिघाड हमीबाहेरचा होता.

तपासणीत आणखी एक गोष्ट निघाली. पंपाच्या तोंडाशी असलेल्या झडपेच्या ओतकामात एक बारीक छिद्र होते. मोटार जळण्याशी त्याचा संबंध नव्हता. परंतु तो ओतकामाचा, म्हणजे कारखान्याचा दोष होता. सबब झडप विनामूल्य बदलून देणे केंद्राचे कर्तव्य होते. एक भाग हमीबाहेर गेला म्हणजे संपूर्ण यंत्राची हमी संपली, असे होत नाही. नकार ज्या भागास लागू आहे त्या भागापुरताच द्यावयाचा असतो.

नकाराचे पत्र

तोंडी नकार हा सर्वांत वाईट नकार होय. त्यामुळे ग्राहकास कारण कळत नाही आणि पुढे वाद झाल्यास विक्रेत्याजवळही पुरावा राहत नाही. काय आढळले, त्यावरून कोणता निष्कर्ष काढला, हमीपत्राचे कोणते कलम लागू केले, काय विनामूल्य मिळेल, काय पैसे भरून मिळेल आणि निर्णय मान्य नसल्यास कोणाकडे जावे, एवढ्या गोष्टी लेखी पत्रात क्रमाने आल्या पाहिजेत. वरील प्रकरणात ते पत्र साधारणतः असे असावे :

"आपण दिनांक … रोजी तपासणीसाठी दिलेला पंपसंच, क्रमांक …, दिनांक … रोजी आपल्या समक्ष उघडण्यात आला. मोटारीच्या तीन गटांपैकी दोन गटांच्या वेटोळ्यांचे वेष्टन वितळलेले असून तिसरा गट शाबूत आहे. ही लक्षणे एक फेज नसताना मोटार चालल्याची आहेत. कारखान्यातील दोषाची लक्षणे वेटोळ्यांत आढळली नाहीत. हमीपत्राच्या कलम … नुसार असा बिघाड हमीत समाविष्ट नसल्याने वेटोळ्यांची विनामूल्य दुरुस्ती करता येत नाही, याबद्दल दिलगीर आहोत. झडपेत ओतकामाचा दोष आढळल्याने ती विनामूल्य बदलून देण्यात येईल. सशुल्क दुरुस्तीचे पर्याय व दरपत्रक सोबत जोडले असून हे दर १५ दिवसांपर्यंत लागू राहतील. आपल्या लेखी संमतीवाचून काम सुरू केले जाणार नाही. काढलेले भाग व छायाचित्रे आपणास पाहावयास मिळतील. निर्णय मान्य नसल्यास कंपनीच्या विभागीय कार्यालयाकडे … या पत्त्यावर अर्ज करावा."

या पत्रात शेतकऱ्यावर दोषारोप केलेला नाही. 'आपण निष्काळजीपणा केला' असे न लिहिता जे डोळ्यांना दिसले तेवढेच लिहिले आहे. विक्रेत्याने हा भेद जपला पाहिजे. फेज गेला तो वीजवाहिनीवर गेला की शेतातील फ्यूज उडाल्याने गेला, हे मोटार उघडून कळत नाही. म्हणून त्याविषयी पत्रात विधान करू नये.

सशुल्क दुरुस्तीचे पर्याय

अशा वेळी शेतकऱ्यापुढे साधारणपणे तीन मार्ग असतात. पहिला, कंपनीच्या केंद्रातच वेटोळी नव्याने भरून घेणे. दुसरा, गावातील वा बाजारातील कारागिराकडून ती भरून घेणे. आणि तिसरा, पंप तसाच ठेवून केवळ नवी मोटार घेणे.

दरपत्रक कसे वाचावे, हे समजण्यासाठी काही आकडे गृहीत धरू. प्रत्यक्ष दर स्थळाप्रमाणे कमी-अधिक असतील. समजा, केंद्राने तारेचे ५,५०० रुपये, कामगारीचे २,००० रुपये आणि सील व बुशांचे ७०० रुपये लावले. एकूण ८,२०० रुपये झाले. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर १,४७६ रुपये धरल्यास रक्कम ९,६७६ रुपये होते. येथे एक बाब हमखास विसरली जाते. मोटारीतून निघालेले जुने तांबे शेतकऱ्याच्या मालकीचे असते. ते तीन किलो भरले आणि भंगाराचा भाव किलोला ५०० रुपये धरला, तर १,५०० रुपये त्यास परत मिळावयास हवेत अथवा बिलातून वजा व्हावयास हवेत. म्हणजे खरा खर्च ८,१७६ रुपये झाला. तांबे वजन करून घेतल्याची नोंद बिलावर असावी.

बाजारातील कारागीर हेच काम समजा ६,००० रुपयांत करून देईल आणि तेही दोन दिवसांत. गव्हाच्या पाण्याची पाळी टळत असेल तेव्हा हे दोन दिवस मोलाचे ठरतात. परंतु अनधिकृत ठिकाणी मोटार उघडल्यास उरलेल्या मुदतीची हमी बहुधा संपुष्टात येते. वरील उदाहरणात हमीचे दोनच महिने शिल्लक होते, म्हणून हा तोटा लहान आहे. मोटार दुसऱ्याच महिन्यात जळली असती, तर केंद्राचा अधिक दर देणेच शहाणपणाचे ठरले असते. केंद्रात काम केले तरी दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : नव्या वेटोळ्यांवर किती महिन्यांची हमी मिळेल, आणि बाकीच्या भागांची मूळ हमी पुढे चालू राहील काय.

काम कोठेही केले तरी त्याची पारख एकाच रीतीने होते. वेटोळ्यांतील फेऱ्यांची संख्या व तारेची जाडी मूळच्याप्रमाणेच असावी लागते. जाडी कमी केली तर मोटार चालते, परंतु तापते. भरलेली मोटार काही तास पाण्यात बुडवून ठेवल्यावर मेगरने पुन्हा तपासावी. वेष्टनास बारीक छिद्र असेल तर ते तेव्हाच उघडकीस येते. त्यानंतर हौदात मोटार चालवून तिन्ही तारांतील प्रवाह मोजावा. तो तिन्हींत जवळजवळ सारखा असेल तर काम ठीक झाले असे समजावे. एका तारेत लक्षणीय फरक असेल तर मोटार खाली सोडू नये. शेवटी, सोडण्यापूर्वी मोटारीत स्वच्छ पाणी काठोकाठ भरले आहे याची खात्री करावी. पाणी न भरता सोडलेल्या मोटारीचे बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब होते आणि तोही बिघाड हमीबाहेरचाच ठरतो.

दुरुस्तीबरोबरच पेटीतील संरक्षक यंत्र पूर्ववत जोडले नाही, तर केलेला सर्व खर्च पुढच्या अर्धवट फेजच्या रात्री वाया जातो. ते यंत्र वरचेवर मोटार बंद करीत असेल, तर दोष यंत्राचा नसून पुरवठ्याचा असण्याचा संभव अधिक असतो.

नकार संशयास्पद केव्हा समजावा ?

मोटार ग्राहकाच्या पश्चात उघडली, कोणती वेटोळी जळली हे न दाखविता 'व्होल्टेजमुळे गेली' एवढेच सांगितले, जे कलम लावले ते हमीपत्रावर छापलेलेच नाही, किंवा बिल असताना केवळ हमीपत्रावर विक्रेत्याचा शिक्का नाही म्हणून मागणी फेटाळली, तर असा नकार निमूटपणे स्वीकारू नये. लक्षणे आणि कारण यांचा मेळ बसत नसेल तेव्हाही तसेच. उदाहरणार्थ, एकाच वेटोळ्यात एक बिंदू जळलेला असताना फेज गेल्याचे कारण दिले, तर ते वर वर्णिलेल्या चित्राशी जुळत नाही.

अशा वेळी शेतकऱ्यापुढे मोठा पेच उभा राहतो. वाद घालीत बसावे तर पीक जाते. दुरुस्ती करून घ्यावी तर जळलेली वेटोळी निघून जातात आणि पुरावाच नाहीसा होतो. या पेचातून मार्ग आहे. दुरुस्तीस हात लावण्यापूर्वी उघडलेल्या मोटारीची, क्रमांकाच्या पट्टीसह, सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. शक्य असल्यास त्रयस्थ विद्युत अभियंत्याकडून पाहणी करवून त्याचा लेखी अभिप्राय घ्यावा. काढलेली वेटोळी भंगारात न देता मोहोरबंद करून ठेवावीत. आणि केंद्रास लिहून द्यावे की, "नकार मान्य नाही, पिकाच्या निकडीमुळे हक्क राखून दुरुस्तीचे पैसे भरीत आहे." पैसे भरले म्हणजे नकार मान्य केला, असे पुढे म्हणण्यास त्यामुळे जागा उरत नाही.

कायद्याचा मार्ग

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात असून त्याने १९८६ च्या कायद्याची जागा घेतली आहे. स्वयंरोजगाराने उपजीविका चालविण्यासाठीच वस्तू विकत घेणारा हा या कायद्याप्रमाणे ग्राहकच असतो. २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बियाणे घेणाऱ्या शेतकऱ्यांना ग्राहक म्हणून दाद मागण्याचा हक्क मान्य केला. त्यामुळे पंप शेतीसाठी घेतला म्हणून तक्रार चालत नाही, हे म्हणणे खरे नव्हे.

प्रथम कंपनीस लेखी तक्रार पाठवावी. समाधान न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करता येते. तेथून कंपनीशी संपर्क साधून समेटाचा प्रयत्न होतो. तोही निष्फळ ठरल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करावी. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असलेली प्रकरणे तेथे चालतात आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणास शुल्क नाही. तक्रारदार स्वतः जेथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे कंपनी दुसऱ्या राज्यातील असली तरी सांवेरच्या शेतकऱ्यास इंदूरच्याच आयोगाकडे जाता येते. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत केली पाहिजे. जिल्हा आयोगाचा निर्णय मान्य नसल्यास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. मध्य प्रदेशाचा राज्य आयोग भोपाळ येथे आहे.

वस्तूतील दोष तपासणीवाचून ठरविता येत नसेल, तर आयोग ती मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. जळलेली वेटोळी जपून ठेवण्याचे महत्त्व यातून ध्यानी येईल. कारखान्यात दोष होता हे दाखविण्याची जबाबदारी सामान्यतः तक्रारदारावर येते. छायाचित्रे, बिल, हमीपत्र, नकाराचे पत्र व तज्ज्ञाचा अभिप्राय यांवाचून ती पार पाडणे कठीण असते. याच कायद्यात असेही म्हटले आहे की, इजा वा नुकसान झाले त्या वेळी वस्तूचा दुरुपयोग झालेला असेल किंवा तिच्यात फेरफार केलेला असेल, तर उत्पादनाबद्दलच्या दायित्वाचा दावा विक्रेत्यावर आणता येत नाही. निकामी केलेले संरक्षक यंत्र येथे शेतकऱ्याच्या विरुद्ध जाते.

कित्येकदा कंपनीचा नकार रास्त असतो आणि शेतकऱ्याचेही नुकसान खरे असते, कारण मूळ दोष वीजपुरवठ्यात असतो. तेव्हा दाद पंप कंपनीकडे न मागता वीज वितरण कंपनीकडे मागावयास हवी. इंदूर व उज्जैन विभागांत मध्य प्रदेश पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनी वीज पुरविते. फेज जाणे अथवा दाब उतरणे याची तक्रार १९१२ या क्रमांकावर ताबडतोब नोंदवून तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. वीज कायदा २००३ च्या कलम ४२ नुसार प्रत्येक वितरण कंपनीने ग्राहक तक्रार निवारण मंच स्थापन करणे बंधनकारक आहे. मोटार जळण्याच्या आधीच्या दिवसांतील नोंदलेल्या तक्रारी आणि त्याच वाहिनीवरील शेजाऱ्यांचे जबाब हाच तेथील मुख्य आधार असतो. मोटार जळाल्यानंतर केलेली पहिली तक्रार तेवढी बळकट ठरत नाही.

ग्रामसेवक, कृषी साहाय्यक व शिक्षक यांच्याकडे असे कागद घेऊन शेतकरी येतात तेव्हा त्यांनी प्रथम तीन कागद मागावेत : बिल, हमीपत्र आणि नकाराचे पत्र. तिसरा कागद नसेल, तर बाकी काहीही करण्यापूर्वी तो लेखी मागवून घ्यावा. आणि तो हाती येईपर्यंत जळलेली वेटोळी भंगारात जाऊ देऊ नयेत.